पुलावर किती वाजता येणार?

आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचा मी सचिव झालो तो पतसंस्थेत नोकरी करतो म्हणून. "काका, तुम्ही दिवसभर कागदच करता, परवानग्यांचं तुमच्याकडे," असं पोरांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मंडळाची फाइल माझ्या हातात आली. फाइलमध्ये मागच्या वर्षांचे विसर्जन मिरवणुकीचे अर्ज लावलेले होते. तारीख आणि अध्यक्षांचं नाव सोडलं तर सगळे एकसारखे. पहिल्या परिच्छेदात लोकमान्य टिळक, दुसऱ्यात मंडळानं केलेलं वृक्षारोपण आणि रक्तदान शिबिर, आणि शेवटी एक ओळ : 'तरी सालाबादप्रमाणे नेहमीच्या मार्गाने वाजतगाजत मिरवणूक काढण्यास व ध्वनिक्षेपक लावण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.'

नवा अर्ज लिहायच्या आधी हा नमुना घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तालुक्याच्या गावात मंडळांच्या परवानग्यांचं काम बहुतेक ठिकाणी गोपनीय शाखेचे हवालदार बघतात. त्यांनी कागद वरून खाली वाचला आणि म्हणाले, "सचिव, टिळकांचं राहू द्या. जुन्या पुलावर किती वाजता येणार ते लिहा."

मग त्यांनी टेबलाच्या काचेखालचा एक आखीव कागद दाखवला. डाव्या बाजूला सातव्या दिवशी विसर्जन करणाऱ्या मंडळांची नावं, पुढे रकाने : चौक, एसटी स्टँड, जुना पूल, घाट. बहुतेक रकान्यांत 'नेहमीप्रमाणे' लिहिलेलं होतं. "आता हे नेहमीप्रमाणे म्हणजे काय, तर चार मंडळं एकाच वेळी चौकात," हवालदार म्हणाले. "एक मागे हटायला तयार नाही, दुसरं पुढे सरकायला तयार नाही. तिथं उभं आम्हाला राहायचं असतं."

त्या कागदानं माझं काम सोपं केलं. अर्ज वाचणाऱ्याला मंडळाची महती नको होती, त्याला रकाने भरायचे होते. मी अर्जाकडे त्या बाजूनं बघायला लागलो.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की आपण एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी मागत असतो. एक रस्ता आणि दुसरी आवाज. दोन्हींचे नियम वेगळे आणि दोन्हींच्या वेळाही वेगळ्या. मिरवणुकांचं आणि वाहतुकीचं नियमन मुख्यतः महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खाली होतं. ध्वनिक्षेपकाला लागू होतात ते ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात तो उघड्यावर लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीसाठी दहाऐवजी बारापर्यंत सवलत देता येते. ते दिवस कोणते, ते आपल्याकडे जिल्हाधिकारी दरवर्षी आदेश काढून सांगतात. शिवजयंती, नवरात्र, दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर असे सगळे त्या पंधरात बसवायचे असतात, म्हणून गणपतीच्या वाट्याला त्यातले मोजकेच येतात.

आमचं विसर्जन सातव्या दिवशी. त्या वर्षीचा आदेश मी मिळवून वाचला तर गणेशोत्सवातल्या सवलतीच्या दिवसांत अनंत चतुर्दशी होती, पण सातवा दिवस नव्हता. म्हणजे आम्हाला दहा म्हणजे दहाच. मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितल्यावर एकानं लगेच तोड काढली : "स्पीकर दहाला बंद करू. ढोल काय स्पीकर आहे का?" हा समज फार पक्का आहे. २०१० मध्ये या नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यात रात्रीच्या बंदीत वाद्यं आणि आवाज करणारी इतर साधनंही आली. ढोलाला ध्वनिक्षेपकाचा परवाना लागत नसेल, पण दहा वाजता ढोलही थांबलाच पाहिजे. नियमाची प्रत पुढे ठेवली तेव्हा तो विषय संपला.

मग वेळापत्रक उलटं मांडायचं ठरलं. मंडपातून किती वाजता निघायचं हे आधी ठरवलं तर घाटावर केव्हा पोहोचू ते देवाच्या हातात राहतं. म्हणून आम्ही घाटावरून मागे मोजत आलो. आवाज ९.४० ला बंद, म्हणजे दहाच्या आधी वीस मिनिटं हातात. त्याआधी आरतीला पंचवीस मिनिटं, म्हणजे घाटावर ९.१५ ला पोहोचायचं. पण त्यासाठी मिरवणूक किती वेगानं चालते ते कळायला हवं. हे कुणीच सांगू शकेना. "होतात चार-पाच तास," एवढंच उत्तर.

विजेच्या खांबांनी हा प्रश्न सोडवला. आमच्या रस्त्यावर दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं तर ते साधारण ३० मीटर भरतं. त्याच सुमाराला शेजारच्या पेठेतली एक मिरवणूक त्याच रस्त्यानं गेली, तिच्या मागे मी घड्याळ घेऊन चाललो. पथक वाजत असताना तासाला पंधरा-सोळा खांब मागे पडत होते, म्हणजे साडेचारशे ते पावणेपाचशे मीटर. पथक न वाजवता नुसतं चालायला लागलं की वेग दुपटीच्या आसपास जात होता. आमचा मार्ग आहे १७०० मीटरचा. सगळाच वाजवत गेलो तर पावणेचार तास नुसते चालण्याचे, थांबे वेगळे. हा हिशोब फळ्यावर लिहिल्यावर 'सहा वाजता निघू' म्हणणारे आपणहून पाचवर आले.

यानंतर रस्ता. 'मेन रोडने' असं लिहिलं की लिहिणाऱ्याला सगळं समजतं आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आमच्या १७०० मीटरमध्ये रस्त्याचे मालक दोन आहेत. गल्ली आणि घाटाकडचा रस्ता नगरपरिषदेचा. मधला मोठा रस्ता राज्यमार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाचा. राज्यमार्गावरून एसटी जाते, ट्रॅक्टर जातात, बाहेरगावच्या गाड्या जातात. तो अर्धा जरी बंद करायचा तरी वाहतूक दुसरीकडून वळवावी लागते, आणि तसा आदेश ठाण्यातून निघत नाही. ठाण्यातून प्रस्ताव वर जातो आणि आदेश वरून येतो. आदल्या आठवड्यात अर्ज देणाऱ्यांची मिरवणूक याच कारणानं आदेशाविना निघते आणि ट्रकमध्ये अडकते. आम्ही महिनाभर आधी अर्ज दिला.

मार्गाचे आम्ही टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यापुढे अंतर, रस्ता कोणाचा, वेळ आणि रस्ता किती लागणार ते लिहिलं. अर्जाला जोडलेला तो तक्ता असा होता :

१. मंडप ते चौक. ४०० मीटर, नगरपरिषद. सायं. ५.०० ते ६.१५. गल्ली पूर्ण बंद. रहिवाशांची वाहने ४.३० पूर्वी हलवणार.

२. चौक. थांबा, पथक वादन. ६.१५ ते ६.३५.

३. चौक ते एसटी स्टँड कोपरा. ६०० मीटर, राज्यमार्ग. ६.३५ ते ७.५०. रस्त्याची डावी बाजू. उजवी बाजू वाहतुकीस मोकळी.

४. एसटी स्टँड कोपरा ते जुना पूल. ३०० मीटर, राज्यमार्ग. ७.५० ते ८.१०. रुग्णालय परिसर, वाद्ये व ध्वनिक्षेपक बंद, थांबा नाही.

५. जुना पूल ते घाट. ४०० मीटर, नगरपरिषद. ८.१० ते ९.१५. पुलापलीकडे एक थांबा, २० मिनिटे.

६. घाट. आरती ९.१५ ते ९.४०. सर्व आवाज ९.४० ला बंद. विसर्जन, ट्रॉली परत नेणे व साफसफाई रात्री ११ पर्यंत.

पहिल्या टप्प्याला अंतराच्या मानानं जास्त वेळ आहे तो तारांमुळे. मूर्ती ११ फूट, ट्रॉलीचा पाट जमिनीपासून साडेतीन फूट, म्हणजे साडेचौदा फूट. रस्ता ओलांडणारी महावितरणची तार नियमानं ५.८ मीटरवर, म्हणजे १९ फुटांवर असायला हवी, आणि आमच्याकडच्या मुख्य तारा आहेतही तेवढ्या. अडचण त्यांच्याखालून घराघरांत गेलेल्या सर्व्हिस वायरींची आणि टीव्हीच्या केबलींची. त्या लोंबतात. एरवी पोरं बांबूच्या टोकाला आडवी काठी बांधून तार उचलतात आणि खालून मूर्ती काढतात. ओल्या बांबूनं तार उचलणं म्हणजे काय, हे सांगायला नको. आम्ही गल्लीत टेप आणि शिडी घेऊन फिरलो, साडेपंधरा फुटांच्या खाली आलेल्या वायरी ज्या घरांसमोर होत्या त्यांची यादी केली आणि महावितरणच्या उपविभागाला द्यायच्या प्रतीला ती जोडली. सोबत एक वाक्य : 'सायं. ५.०० ते ६.१५ या वेळेत या गल्लीचा वीजपुरवठा बंद ठेवावा व एक कर्मचारी उपस्थित ठेवावा.' वेळ लिहिल्याचा फायदा इथं दिसला. सबंध संध्याकाळ वीज बंद ठेवा म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, सव्वा तासाला लगेच होकार आला.

चौथा टप्पा रुग्णालयाचा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करायची तरतूद नियमांत आहे. आमचं रुग्णालय त्या टप्प्याच्या मधोमध. इमारतीची रुंदी आणि दोन्ही बाजूंचे शंभर-शंभर मीटर धरले की जवळजवळ अख्खा टप्पाच शांत ठेवावा लागतो. पथकाच्या पोरांना ते आवडलं नाही, कारण स्टँडच्या कोपऱ्यावर बघ्यांची गर्दी सगळ्यात जास्त. पण तिथं गप्प चालल्यानं वीस मिनिटांत तीनशे मीटर होतात, आणि वाचलेला वेळ पुढे पुलापलीकडच्या थांब्याला मिळतो, हे तक्त्यावर दिसत होतं. भांडण तिथंच मिटलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो आवाजाच्या परिच्छेदानं. परवानगीपत्रावर '७५ डेसिबलपेक्षा जास्त नको' असं छापलेलं असतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मर्यादा ७५ ची. नियम त्याहून कडक आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. दिवसा व्यापारी भागाची पातळी ६५, म्हणजे तिथं ७५ होतात. रहिवासी भागाची ५५. तिथं मर्यादा येते ६५ वर. आमच्या मार्गातला पहिला आणि पाचवा टप्पा सरळ रहिवासी. साउंडवाल्याला हे सांगितलं तर तो हसला. "काका, पासष्टमध्ये तर दोन माणसं बोलतात. एवढ्यात माझा अँप्लिफायर चालूसुद्धा झालेला कळणार नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. साउंडची गाडी आणि ही मर्यादा एका मिरवणुकीत बसत नाही, मग अर्जात 'दोन टॉप, दोन बेस' लिहा नाहीतर चार. शिवाय अर्जासोबतच्या हमीपत्रावर सही अध्यक्षांची आणि सचिवाची असते. आवाज वाढवतो एक, नोटीस येते दुसऱ्याला. बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. शेवटी साउंडची गाडी नको, एवढं बहुमतानं ठरलं. ट्रॉलीवर सूचना आणि आरतीपुरता एक छोटा स्पीकर, आणि वाजवायला पथक. पथकही २० ढोल आणि ५ ताशांचं. ढोलांचाही आवाज मर्यादेच्या वर जातो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हातात मीटर धरून जवळ उभं राहिलं की दिसतंच. म्हणून अर्जात आम्ही आवाजाच्या आकड्यांची मोठी वचनं दिली नाहीत. कोणती साधनं असतील, किती असतील, कुठे वाजतील आणि कुठे गप्प राहतील, एवढंच लिहिलं. हे उभं राहून तपासता येतं, आणि पाळताही येतं.

अर्जाचा मुख्य मजकूर शेवटी असा झाला :

'विषय : सातव्या दिवसाच्या श्रीगणेश विसर्जन मिरवणुकीसाठी (१) मार्ग व वाहतूक नियमन आणि (२) ध्वनिक्षेपक परवाना मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आमच्या मंडळाची विसर्जन मिरवणूक सायं. ५.०० वाजता मंडपापासून निघून रात्री ९.१५ वाजता घाटावर पोहोचेल. टप्पेनिहाय वेळ व मार्ग सोबतच्या तक्त्यात व नकाशात दिला आहे.

रस्ता : रस्त्याचा वापर सायं. ५.०० ते रात्री ११.०० या वेळेत होईल. तक्त्यातील टप्पा क्र. ३ व ४ येथे राज्यमार्गाची फक्त डावी बाजू लागेल. रुग्णवाहिकेस वाट देण्यासाठी मिरवणुकीच्या पुढे व मागे प्रत्येकी चार स्वयंसेवक असतील.

ध्वनी : सूचना व आरतीसाठी एक ध्वनिक्षेपक संच. साउंड सिस्टिमची गाडी नाही. ढोल-ताशा पथक, २० ढोल व ५ ताशे. टप्पा क्र. ४ मध्ये सर्व आवाज बंद. रात्री ९.४० नंतर कोठेही ध्वनिक्षेपक अथवा वाद्य वाजणार नाही.

मिरवणुकीत अंदाजे २५० लोक, एक ट्रॅक्टर व ट्रॉली असेल. तक्त्याप्रमाणे वेळेत बदल झाल्यास खालील दोन पदाधिकारी तत्काळ कळवतील.'

पुढे दोन नावं, दोन मोबाइल क्रमांक. हे दोघे मिरवणुकीत नाचणार नाहीत, फोन उचलतील, असं आधीच बजावलेलं. अध्यक्षांचा क्रमांक मुद्दाम दिला नाही, कारण त्या दिवशी अध्यक्ष ट्रॉलीवर असतात आणि त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही.

रस्त्याची आणि ध्वनीची वेळ वेगळी लिहिली, हे हवालदारांना सगळ्यात आवडलं. बहुतेक मंडळं 'रात्री १० पर्यंत' एवढंच लिहितात. मग दहा वाजता ट्रॉली घाटाच्या उतारावर असते, मूर्ती अजून पाण्यात गेलेली नसते, आणि परवानगी संपलेली असते. तिथून वाद सुरू होतो. आवाज संपला तरी माणसं, ट्रॉली आणि निर्माल्य तिथंच असतं. त्यांना रस्ता लागतोच. दहानंतर मुकाट्यानं चालायला हरकत नाही, पण ते कागदावर असावं लागतं.

जोडायचे कागद ठरलेले असतात, त्यांवर फार लिहायला नको : मंडळाच्या नोंदणीची प्रत, वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी, बैठकीचा ठराव, पदाधिकाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची यादी, हमीपत्र, मागच्या वर्षीचं परवानगीपत्र. लोक विसरतात ते ट्रॅक्टरचे. ट्रॅक्टरचं नोंदणीपत्र, विमा आणि चालकाचा परवाना. आमच्या ट्रॅक्टरमालकाचा विमा संपलेला निघाला. महिनाभर हातात होता म्हणून दुसरा ट्रॅक्टर बघता आला.

मूळ अर्ज पोलीस निरीक्षकांच्या नावे आणि खाली 'प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी' : मुख्याधिकारी नगरपरिषद, सार्वजनिक बांधकाम उपविभागाचे उपअभियंता, महावितरण उपविभाग, एसटीचे आगार व्यवस्थापक. प्रत्येकाच्या प्रतीवर त्याच्याशी संबंधित टप्पा लाल पेनानं अधोरेखित केला, म्हणजे त्याला सगळा अर्ज वाचायची गरज नाही. प्रत्येक ठिकाणी बारनिशीत नोंद करून आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. एका कार्यालयात 'ठेवून जा, बघतो' असं ऐकायला मिळालं, तिथं आवक क्रमांक पडेपर्यंत बाकावर बसून राहिलो. क्रमांक नसलेला अर्ज पुढे विचारायला गेलं की सापडत नाही, हे पतसंस्थेत काम केलेल्याला सांगावं लागत नाही.

शांतता समितीच्या बैठकीत त्या आखीव कागदाचा उपयोग दिसला. दुसरं एक मंडळ त्याच सुमाराला पूर्वेकडून चौकात यायचं होतं. निरीक्षकांनी दोघांना विचारलं. आमच्या नावापुढे ६.१५ ते ६.३५ लिहिलेलं, त्यांच्यापुढे 'नेहमीप्रमाणे'. निरीक्षकांनी त्यांना पावणेसातची वेळ दिली. ते जरा कुरकुरले, पण सांगायला त्यांच्याकडे दुसरी वेळच नव्हती.

परवानगी आली ती छापील अटींसह. मार्गात ऐनवेळी बदल नको, लेझर नको, आक्षेपार्ह घोषणा नकोत, नेमून दिलेल्या वेळेनंतर वाद्ये नकोत. खाली पेनानं एक ओळ वाढवलेली होती : 'सोबतच्या तक्त्याप्रमाणे.' सोबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीसही आली. ती बघून अध्यक्ष घाबरले. ही नोटीस प्रतिबंधक म्हणून मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना सर्रास दिली जाते. जुन्या कायद्यात तीच कलम १४९ ची नोटीस होती. सही करून घ्यायची आणि एक प्रत फाइलला लावायची.

मिरवणुकीच्या दिवशी तक्ता तंतोतंत पाळला गेला नाही. वायरमन वेळेवर आला, वीज बंद झाली, पण टीव्हीची एक केबल आमच्या यादीनंतर कुणीतरी नव्यानं ओढली होती. ती सोडवेपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला आणि चौकात आम्ही सात वाजायला आले तेव्हा पोहोचलो. अर्जात नावं दिलेल्या दोघांपैकी एकानं गल्लीतूनच फोन करून उशीर कळवला होता. त्यामुळे पूर्वेकडच्या मंडळाला पोलिसांनी आधी पुढे काढलं आणि आम्ही त्यांच्या मागून गेलो. चौकातलं वादन आम्ही आवरतं घेतलं. स्टँडच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या खिशात आमच्या तक्त्याची झेरॉक्स होती. ती काढून तो म्हणाला, "तुम्ही इथं सात-पन्नासला होता. एसटी मी अजून वळवूनच ठेवलीय. रुग्णालयापुढून सरळ निघा."

पुलापलीकडचा वीस मिनिटांचा थांबा रद्द केला. हे तिथं उभं राहून ठरवावं लागलं नाही. उशीर झाला तर कोणता थांबा सोडायचा, ते पथकाच्या प्रमुखाशी आधीच बोललो होतो, आणि तोही बैठकीत हो म्हणालेला होता. आरती थोडी उशिरा सुरू झाली, स्पीकर दहाला काही मिनिटं कमी असताना बंद झाला. त्यानंतर मूर्ती पाण्यात जायला आणि ट्रॉली परत निघायला बराच वेळ गेला, पण रस्त्याची परवानगी अकरापर्यंत होती, त्यामुळे कुणी हटकलं नाही.

तुमच्या मंडळाचा अर्ज लिहायचा असेल तर जुना नमुना फाइलमध्येच राहू द्या. आधी जिल्हाधिकाऱ्यांचा त्या वर्षीचा आदेश वाचा, कारण सवलतीचे दिवस दरवर्षी तेच असतील असं नाही. मग घाटापासून मागे मोजत वेळ लावा, रस्ता कोणाचा ते टप्प्याटप्प्यानं लिहा, आवाजाची आणि रस्त्याची वेळ वेगळी मागा. आणि उशीर झाला तर कोणता थांबा सोडायचा ते पथकाशी आधी ठरवून ठेवा. मिरवणुकीत त्या क्षणी कुणी कुणाचं ऐकत नाही.